‘देव शब्दांपलीकडचा आहे’ म्हणणाऱ्याला नेमकं कुठे धरायचं

देवावरच्या कुठल्याही वादात एक जागा हमखास येते. कोणीतरी विचारतं, देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूपण आहे तर लहान लेकरं कॅन्सरने का जातात, आणि समोरचा जरा थांबून म्हणतो की अहो तो आपल्या बुद्धीच्या, शब्दांच्या पलीकडचा आहे, आपली मापं त्याला लावू नका. बरं, नाही लावत. पण तोच माणूस चहा संपायच्या आत म्हणतो, देवाची इच्छाच होती तशी, देव परीक्षा बघतो, देवाला हे आवडत नाही. म्हणजे अवघड प्रश्न आला की देव शब्दांच्या पलीकडे आणि प्रश्न टळला की लगेच अलीकडे!

धर्माचं तत्त्वज्ञान शिकणाऱ्या बी.ए.च्या पोरांना अपोफॅटिक थिऑलॉजी, म्हणजे देवाबद्दल फक्त ‘तो काय नाही’ एवढंच बोलायची परंपरा, बऱ्याचदा याच पळवाटेचं भारदस्त नाव म्हणून भेटते. ‘देव अवर्णनीय आहे असं मानणारा मतप्रवाह’, एक ओळ, दोन मार्क, पुढचा प्रश्न. माझं म्हणणं असं आहे की ही परंपरा नीट वाचली तर ती त्या पळवाटेच्या बरोब्बर उलटी आहे, ती श्रद्धावानाला सूट देत नाही, त्याच्याकडून वसुली करते, आणि वसुली किती कडक आहे हे कळायचं असेल तर एकच माणूस धरून बसावं. तो म्हणजे मायमोनिडीझ, बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ, वैद्य आणि धर्मशास्त्री, जन्म स्पेनमधल्या कॉर्दोबाचा, मृत्यू १२०४ मध्ये इजिप्तमध्ये. त्याचं ‘गाइड ऑफ द परप्लेक्स्ड’ हे साधारण ११९० च्या सुमाराचं पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या भागातली ५० ते ६० ही प्रकरणं आपल्या कामाची. गूढवाद्यांपेक्षा मी त्याला पसंती देतो कारण तो हिशेबी आहे, भारावून जात नाही.

तर साठाव्या प्रकरणात तो जहाजाचं उदाहरण देतो. समजा एका माणसाला एवढंच माहीत आहे की ‘जहाज’ नावाचं काहीतरी असतं, पण ती वस्तू आहे की वस्तूवरचा एखादा गुण, रंगासारखा, हेपण माहीत नाही. दुसऱ्याला कळलं की तो गुण नाही. तिसऱ्याला कळलं की ते खनिज नाही, चौथ्याला कळलं की तो प्राणी नाही, मग कोणाला कळलं की जमिनीत रुजलेली वनस्पतीपण नाही, मग की निसर्गतः एकसंध असलेला एक तुकडा नाही, मग की फळीसारखं किंवा दारासारखं सपाट नाही, मग की चेंडूसारखं गोल नाही, टोकदार शंकूसारखं नाही, आणि शेवटी एकाला कळलं की आतून भरीव नाही. मायमोनिडीझ म्हणतो की बघा, हा शेवटचा माणूस जवळजवळ पोहोचलाच, लाकडाचे बरेच तुकडे जोडून केलेली, लांबट, आतून पोकळ अशी वस्तू, एकही होकारार्थी वाक्य न बोलता.

हे उदाहरण इतकं गोड आहे की बहुतेक जण इथेच थांबतात आणि उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे होतात की नकार देत देत आपण देवाच्या जवळ जातो. पण जरा थांबा आणि विचारा की जहाजाच्या बाबतीत हे जमलं कशामुळे? जमलं कारण वर्गीकरण आधीच तयार होतं. वस्तू किंवा गुण, वस्तू असेल तर सजीव किंवा निर्जीव, एकसंध किंवा जोडलेली, भरीव किंवा पोकळ. एक बाजू खोडली की दुसरी आपोआप हातात येते, त्यामुळे ‘भरीव नाही’ हे वाक्य दिसायला नकार आहे पण काम होकाराचं करतं, ‘पोकळ आहे’ हे गुपचूप सांगून जातं. आता हीच युक्ती देवाला लावायची तर देव आधी कुठल्यातरी मोठ्या वर्गात बसायला हवा ज्याचे भाग पाडता येतील, आणि मायमोनिडीझने तर ५२ व्या प्रकरणातच सांगून टाकलंय की देवाची व्याख्या होत नाही, कारण व्याख्या म्हणजे वस्तू कशाकशाची बनली ते सांगणं आणि देव कशाचाच बनलेला नाही, त्याच्यात भाग नाहीत. वर्ग नाही, मग भाग कसे पाडणार, आणि खोडून शेवटी उरणार काय?

म्हणजे जहाजाचं उदाहरण नेमकं जिथे लागायला हवं तिथेच लंगडं पडतं. त्यातून एक गोष्ट खरी निघते, की दोन माणसं दोघंही ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणत असली तरी एकाचं अज्ञान दुसऱ्यापेक्षा कमी असू शकतं. पण वजाबाकी करत करत देवाचं चित्र हातात येईल ही आशा त्यातून घेतली तर ती मायमोनिडीझचीच बाकीची मतं मोडते.

त्याचा खरा मुद्दा कळतो तो ५८ व्या प्रकरणातल्या एका साध्या वाक्यावरून, की आपण भिंतीबद्दल म्हणतो तिला दिसत नाही. आता ‘आंधळ्या माणसाला दिसत नाही’ आणि ‘भिंतीला दिसत नाही’ यात व्याकरण सेम टू सेम आहे, पण पहिल्या वाक्यात आपण सांगतो की जे असायला हवं होतं ते नाहीये, आणि दुसऱ्यात सांगतो की दिसणं न दिसणं हा मामलाच इथे लागू नाही. भिंत आंधळी नसते आणि डोळसही नसते. आपल्याकडच्या मीमांसक आणि वैयाकरणांनी नकाराचे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन प्रकार केलेत ते ज्यांना माहीत आहेत त्यांना हे लगेच जवळचं वाटेल, एक नकार असा की जो खोडता खोडता दुसरीकडे बोट दाखवतो, आणि एक असा की जो नुसता खोडतो आणि गप्प बसतो. तंतोतंत तेच आहे असं नाही, पण विचार करायला चांगला आधार मिळतो. जहाजाचे सगळे नकार पहिल्या जातीचे होते. देवाबद्दलचे नकार दुसऱ्या जातीचे आहेत.

आणि मग खरी अडचण सुरू होते. मायमोनिडीझ म्हणतो की आपण देवाला ‘ज्ञानी’ म्हणतो तेव्हा अर्थ घ्यायचा ‘अज्ञानी नाही’, ‘समर्थ’ म्हणतो तेव्हा ‘दुबळा नाही’. छान. पण हा नकार जर भिंतीच्या जातीचा असेल तर तो दोन्ही बाजूंना लागायला हवा ना! भिंत आंधळी नाही म्हणून आपण तिला डोळस म्हणत नाही. मग देव अज्ञानी नाही, आणि ज्ञानीही नाही, अशी दोन्ही वाक्यं सारखीच खरी. तरी प्रार्थनेत ‘हे ज्ञानी देवा’ चालतं आणि ‘हे अज्ञानी देवा’ म्हटलं तर लोक मारायला धावतील. हा तिरपेपणा आला कुठून? माझ्या मते अपोफॅटिक थिऑलॉजीवरचा सगळ्यात धारदार प्रश्न हाच आहे, आणि गंमत म्हणजे वर्गात पोरं नेहमी दुसराच प्रश्न विचारतात, की ‘देवाचं वर्णन करता येत नाही’ हेपण वर्णनच झालं की नाही. तो प्रश्न चटकदार आहे पण त्यात फार दम नाही, कारण ते वाक्य देवाबद्दल नसून आपल्या शब्दांबद्दल आहे असं म्हणून मायमोनिडीझ सुटू शकतो. तिरपेपणाच्या प्रश्नातून इतक्या स्वस्तात सुटका नाही.

या जागी ख्रिस्ती परंपरेतला एक लेखक बघण्यासारखा आहे, जो स्वतःला डायोनिशियस म्हणवून लिहितो, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा, खरं नाव कोणालाच माहीत नाही. त्याचं ‘मिस्टिकल थिऑलॉजी’ हे जेमतेम पाच छोट्या प्रकरणांचं पुस्तक, आणि शेवटच्या प्रकरणात तो खरंच दोन्ही बाजू खोडतो, देव अंधार नाही प्रकाशही नाही, चूक नाही सत्यही नाही, आणि वर म्हणतो की तो आपल्या होकारांच्या पलीकडे आहे तसा नकारांच्याही पलीकडे आहे. प्रामाणिक माणूस. पण त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तो विचारतो की देवाला हवा किंवा दगड म्हणण्यापेक्षा जीवन आणि चांगुलपणा म्हणणं जास्त बरोबर नाही का, आणि देव दारू प्यायलेला नाही, संतापलेला नाही हा नकार, देव शब्दांत येत नाही या नकारापेक्षा जास्त पक्का नाही का. म्हणजे शेवटी सगळं समान खोडणाऱ्यानेही आधी एक उतरंड लावूनच ठेवलेली आहे. उतरंड आली म्हणजे कुठेतरी काहीतरी होकारार्थी धरलेलं आहे.

मायमोनिडीझने काय धरलंय ते त्याने लपवलेलं नाही. ‘देव दुबळा नाही’ याचा अर्थ सांगताना तो म्हणतो की देवाच्या असण्यात एवढी पुरेशी क्षमता आहे की त्याच्यापासून इतर गोष्टी अस्तित्वात येतात. बघा, हे वाक्य नकार नाहीये. हे जगाकडे बघून केलेलं विधान आहे की हे सगळं कुठूनतरी आलंय. त्याच्यामागे गाइडच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मांडलेली २५ गृहीतकं आणि त्यांवरून काढलेल्या सिद्धता आहेत, की असं काहीतरी आहे ज्याचं असणं दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, जे शरीर नाही आणि ज्याच्यात भाग नाहीत. नकारांची अख्खी इमारत या पायावर उभी आहे. त्यामुळे ‘नकाराची थिऑलॉजी होकाराशिवाय चालते’ असं जे काही जण रंगवतात ते माझ्या मते सरळ चूक आहे. निदान या माणसाच्या बाबतीत तरी.

आणि म्हणूनच त्याची दुसरी अट समजते, जी पळवाटवाल्यांना सगळ्यात जास्त बोचायला हवी. तो म्हणतो नुसतं तोंडाने ‘देव असा नाही, तसा नाही’ म्हणून काहीही मिळत नाही, प्रत्येक नकार सिद्ध करावा लागतो. देव शरीर नाही हे नुसतं ऐकून म्हणणारा आणि शरीर म्हणजे काय, ते जोडलेलं का असतं, जोडलेल्या वस्तूला जोडणारं का लागतं हे शिकून म्हणणारा, हे दोघं एका जागी उभे नाहीत. एकेका नकारासाठी माणसाला एखादं शास्त्र वर्षानुवर्षं शिकावं लागू शकतं असं तो ५९ व्या प्रकरणात स्पष्ट म्हणतो. तर्क थांबवायला वापरलेला ‘शब्दांपलीकडे’ आणि तर्काच्या शेवटी मिळालेला ‘शब्दांपलीकडे’ यातला फरक एवढा मोठा आहे.

त्याच प्रकरणात तो ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथातली एक गोष्ट घेतो. रब्बी हनिना यांच्यासमोर एक जण प्रार्थना म्हणायला उभा राहतो आणि सुरू होतो, महान, पराक्रमी, भयंकर, तेजस्वी, बलशाली, विशेषणांवर विशेषणं. संपेपर्यंत रब्बी थांबतात आणि मग विचारतात, झाली का तुझ्या मालकाची सगळी स्तुती करून? पहिली तीन विशेषणंसुद्धा प्रेषित मोशेने उच्चारली नसती आणि पुढे जुन्या ज्यू धर्मपंडितांच्या महासभेने प्रार्थनेत घातली नसती तर आम्ही म्हटली नसती. आणि मग दाखला देतात, एका राजाकडे लाखोंनी सोन्याची नाणी आहेत आणि लोक त्याची स्तुती करतात चांदीच्या नाण्यांवरून, हा अपमानच नाही का? मायमोनिडीझचं वाचन किती बारीक आहे ते इथे दिसतं. तो म्हणतो लक्ष द्या, लाख सोन्याची नाणी असताना शंभर सोन्याची आहेत म्हणाले असं गोष्टीत नाहीये. तसं असतं तर देवाकडे आपल्यातलेच गुण जास्त प्रमाणात आहेत असा अर्थ झाला असता. सोन्याच्या जागी चांदी, म्हणजे जातच वेगळी. आपण ज्याला ज्ञान म्हणतो त्याचा कितीही मोठा ढीग केला तरी तो देवाच्या दिशेने जात नाही, कारण रस्ताच तो नव्हे.

आता दयेचं बघू, कारण पळवाटवाला माणूस तिथेच सापडतो. ५४ व्या प्रकरणात मायमोनिडीझ म्हणतो की देव ‘दयाळू’ म्हणजे त्याला कळवळा येतो असं नाही. गर्भाची वाढ बघा, त्याच्यात एकेक शक्ती येते, जन्मल्यावर त्याला सांभाळणाऱ्यांच्यातही माया असते म्हणून ते जगतं, असं काम माणसाने केलं असतं तर ते कळवळ्यातून केलं असतं, म्हणून आपण त्या कामाला दयेचं नाव देतो. नाव कामाला आहे, करणाऱ्याच्या मनाला नाही. आणि तो इथे थांबत नाही, लगेच पुढे म्हणतो की लोकांवर, देशांवर संकटं येऊन ते नष्ट होतात, असं काम माणसाकडून रागातून झालं असतं, म्हणून तिथे देवाला कोपिष्ट म्हणतात, पण राग तिथेही नाही.

म्हणजे दया आणि राग दोन्ही एकाच फटक्यात गेले! आता कॅन्सरचा प्रश्न पुन्हा विचारा. ‘दयाळू माणूस हे थांबवेल, देव का थांबवत नाही’ या आक्षेपातला दयाळू माणूस मायमोनिडीझच्या देवाला लागूच होत नाही, तेव्हा आक्षेप त्या रूपात उभा राहत नाही हे खरं. पण त्याची किंमत पूर्ण मोजावी लागते. ‘देवाला तुझं दुःख कळतं’ हे त्याला आपल्या ओळखीच्या अर्थाने म्हणता येत नाही, ‘तो परीक्षा बघतोय’ हे माणूस परीक्षा बघतो त्या अर्थाने म्हणता येत नाही. आक्षेपाची ढाल घ्यायची तर सांत्वनाची उशी सोडावी लागते. मी ओळखतो त्यातले फार थोडे लोक हा सौदा करायला तयार असतात, आणि कोणी ‘देव शब्दांपलीकडे’ म्हणालं की मी एवढंच बघतो, की त्याने गैरसोयीची विशेषणं सोडलीत की स्वतःची लाडकीपण सोडलीत.

मराठी वाचकाच्या डोक्यात एव्हाना ‘नेति नेति’ आलेलं असणार. बृहदारण्यकातलं ते वाक्य आणि हे एकच, असं म्हणायची घाई करू नये. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य मुद्दाम सांगतात की हा नकार ब्रह्मावर लादलेली रूपं काढून टाकतो, ब्रह्माला नाही, नाहीतर शून्यवाद होईल. त्यांच्याकडे सगळं काढल्यावर जे उरतं ते नाकारणाऱ्याचं स्वतःचंच असणं आहे, ते कोणाला नाकारताच येत नाही. मायमोनिडीझकडे असा आतला आधार नाही, देव आणि मी एक नाही आहोत, त्याचा आधार बाहेरच्या जगावरून काढलेली सिद्धता. नकार सारखे दिसतात पण ज्याच्यावर टेकतात ते वेगळं आहे, आणि अभ्यासताना तेच बघायचं असतं.

या सगळ्यावर दोन जणांचे आक्षेप मला अजूनही जड वाटतात. एक अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा. १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या नैसर्गिक धर्मावरच्या संवादांच्या चौथ्या भागात क्लिअँथिस नावाचं पात्र विचारतं की देव पूर्णपणे अगम्य आहे म्हणणारे तुम्ही आणि जगाचं मूळ कारण अज्ञात आहे म्हणणारे संशयवादी किंवा नास्तिक, तुमच्यात फरक काय? उत्तर आहे, पण ते नकारांमध्ये नाही. फरक आहे तो त्या पायात, की असं स्वयंपूर्ण अस्तित्व आहेच हे सिद्ध झालंय या दाव्यात. ती सिद्धता ज्याला पटते त्याच्यासाठी फरक मोठा आहे. तिच्यात मध्ययुगीन भौतिकशास्त्र बरंच गुंतलेलं आहे आणि ते आज कोणी मानत नाही, तेव्हा तो पाया नव्याने बांधल्याशिवाय ह्यूमला उत्तर देता येत नाही, आणि नुसते नकार घेऊन बसलेल्या माणसाकडे तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचा, ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या पहिल्या भागातल्या १३ व्या प्रश्नात, मायमोनिडीझचं नाव घेऊन केलेला. तो म्हणतो, ‘देव चांगला आहे’ याचा अर्थ फक्त ‘देव चांगल्या गोष्टींचं कारण आहे’ एवढाच असेल तर देव शरीरांचंही कारण आहे, मग ‘देव शरीर आहे’ असं का नाही म्हणत? फक्त नकार घेतला तरी तीच गत. म्हणजे तिरपेपणाचाच प्रश्न, दुसऱ्या दाराने. आणि त्याची दुसरी तक्रार अगदी साधी आहे, की लोक देवाला जिवंत म्हणतात तेव्हा त्यांना ‘तो निर्जीव वस्तूंसारखा नाही’ एवढंच म्हणायचं नसतं. स्वतः अक्वायनसने यातून सादृश्याचा मधला मार्ग काढला, आपले शब्द देवाला अपुरे पण खरे लागतात म्हणून, तो मला तितकासा पटत नाही, कारण अपुरं किती हे मोजायला पट्टी कुठली वापरायची हे तो सांगू शकत नाही. पण लोकांच्या बोलण्याबद्दल तो बरोबर आहे. सिद्धतेच्या टेबलावर मायमोनिडीझ जिंकतो, प्रार्थनेच्या जागी अक्वायनस, आणि हे मायमोनिडीझला माहीत होतं असं वाटतं, कारण रब्बी हनिनांची गोष्ट सांगून झाल्यावर त्याने ती तीन विशेषणं प्रार्थनेतून काढा असं कुठेही म्हटलेलं नाही. ठरलेली प्रार्थना ठरल्या शब्दांत म्हणा, फक्त चौथं विशेषण स्वतःच्या मनाने जोडू नका, एवढंच.